पोस्टर ट्यूबमध्ये मावेल का?

स्टेशनरीच्या दुकानात पुठ्ठ्याच्या ट्यूब उभ्या करून ठेवलेल्या असतात. दोन इंची, तीन इंची, चार इंची. हातात पोस्टर घेऊन आलेला माणूस विचारतो, "यात मावेल ना?" दुकानदार पोस्टरकडे न बघताच सांगतो, "मोठीच घ्या, म्हणजे काळजी नाही." सल्ला वाईट नाही, फक्त महाग आहे. कुरियरवाला ट्यूबच्या जाडीचेही पैसे घेतो, आणि गरजेपेक्षा मोठ्या ट्यूबमध्ये पोस्टर सैल पडून आत आपटत राहतं. हा प्रश्न अंदाजाने सोडवायची खरं तर गरजच नसते. कागदाची जाडी, त्याची लांबी आणि ट्यूबचा आतला व्यास एवढी तीन मापं हाती असली की शाळेतल्या भूमितीवर उत्तर मिळतं. गंमत अशी की उत्तर बहुतेक वेळा "हो, मावेल" असंच येतं, आणि तरीही पोस्टर खराब होऊन पोचतं. त्यामुळे मावण्याचा अर्थ काय धरायचा, हेही बघावं लागतं.

आधी भूमिती. सुरळीची वडी गुंडाळण्याआधी ताटावर पसरलेली पट्टी आठवा. गुंडाळल्यावर ती गोल दिसते, पण पीठ तेवढंच राहतं. पोस्टरकडेही असंच कडेने बघायचं. समोरून तो मोठा आयत आहे, पण कडेने पाहिला तर एक लांबलचक, अतिशय बारीक पट्टी आहे. या पट्टीचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले जाडी. सुरळी केली की हीच पट्टी एका वर्तुळाकार कड्यात बसते; बाहेरचं वर्तुळ सुरळीचं आणि आतलं वर्तुळ मधल्या पोकळीचं. कड्याचं क्षेत्रफळ आणि पट्टीचं क्षेत्रफळ सारखंच असणार. किती वेढे पडतील, प्रत्येक वेढ्याचा परीघ किती, ही किचकट बेरीज करायची गरज उरत नाही.

त्यातून निघणारा नियम असा: बाहेरच्या व्यासाचा वर्ग घ्या, त्यातून लांबी, जाडी आणि १.२७ यांचा गुणाकार वजा करा, म्हणजे आतल्या पोकळीच्या व्यासाचा वर्ग मिळतो. १.२७ हा आकडा म्हणजे चार भागिले पाय. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची, एवढंच पथ्य.

आता खरं पोस्टर घेऊ. हिंदी असो की मराठी, आपल्याकडच्या सिनेमाच्या पोस्टरचं रुळलेलं माप ३० बाय ४० इंच, म्हणजे ७६२ बाय १०१६ मिलिमीटर. नव्याने छापताना ते अनेकदा १७० जीएसएमच्या आर्ट पेपरवर छापतात. या कागदाची जाडी साधारण ०.१४ मिलिमीटर भरते. जीएसएम म्हणजे जाडी नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. तो चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन सांगतो. आर्ट पेपरवर चिनी मातीचा लेप असतो आणि तो दाबून गुळगुळीत केलेला असतो, म्हणून वजनाच्या मानाने तो पातळ असतो. १०० जीएसएमचा साधा मॅपलिथो जवळपास तेवढाच जाड लागतो. प्रेसमध्ये जाडी मोजायचा गेज असतो, तिथे विचारलं तर मायक्रॉनमध्ये आकडा सांगतात. १४० मायक्रॉन म्हणजे ०.१४ मिलिमीटर. गेज नसेल तर शंभर कागदांचा गठ्ठा वजनाखाली दाबून फुटपट्टीने मोजावा आणि शंभराने भागावं. चौदा मिलिमीटरच्या गठ्ठ्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी फरक चारेक टक्क्यांचाच पडतो. एकाच कागदाला फुटपट्टी लावून मात्र काही हाती लागत नाही.

४० इंचांची बाजू गुंडाळली आणि ३० इंचांची बाजू ट्यूबच्या लांबीत ठेवली, तर १०१६ गुणिले ०.१४ म्हणजे १४२, आणि त्याला १.२७ ने गुणलं की १८१. हा आकडा म्हणजे या पोस्टरचा जागेवरचा हक्क. तीन इंची ट्यूबचा आतला व्यास ७६ मिलिमीटर धरला तर त्याचा वर्ग ५७७६. त्यातून १८१ गेले, उरले ५५९५, आणि त्याचं वर्गमूळ ७४.८. म्हणजे ७६ मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये पोस्टर गेल्यावरही मध्ये जवळजवळ ७५ मिलिमीटरची पोकळी शिल्लक! पोस्टरचे चार-सव्वाचार वेढे ट्यूबच्या आतल्या भिंतीला अस्तरासारखे चिकटून बसतात आणि त्यांची एकूण जाडी जेमतेम ०.६ मिलिमीटर भरते. दोन इंची ट्यूबमध्येही ४९ मिलिमीटरची पोकळी उरते. एक इंची नळी घेतली तरी गणित "हो" म्हणतं. पोकळी साडेएकवीस मिलिमीटरची.

एका पोस्टरच्या बाबतीत जाडीमुळे जागा अडते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. कागद स्प्रिंगसारखा उघडतो आणि ट्यूबच्या भिंतीला टेकेपर्यंत पसरतो, त्यामुळे सुरळीचा बाहेरचा व्यास शेवटी ट्यूबच्या आतल्या व्यासाइतकाच होतो. म्हणून मावेल का, या प्रश्नाऐवजी मध्ये केवढी पोकळी उरेल आणि तेवढं वळण कागदाला सोसेल का, असं विचारायला हवं.

वळण सोसण्याचा हिशेब वेगळा आहे आणि त्यात जाडी दुसऱ्या अंगाने येते. कागद वळला की त्याचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि आतला दबतो. हा ताण ढोबळमानाने जाडी भागिले वळणाचा व्यास इतका असतो. आपलं पोस्टर ७५ मिलिमीटरच्या पोकळीत असेल तर ताण ०.२ टक्क्यांहून कमी. साडेएकवीस मिलिमीटरच्या पोकळीत तोच साधारण ०.६५ टक्के होतो. म्हणजे तिप्पट-चौपट. शाईचा आणि मातीचा लेप कागदाच्या धाग्यांइतका लवचीक नसतो. घट्ट वळणात लेपाला बारीक तडे जातात, गडद रंगाच्या भागात पांढरट रेघा उमटतात, आणि कागद त्या वळणाची सवय लावून घेतो. मग भिंतीवर लावताना त्याचे कोपरे चार दिवस वर येत राहतात. जाड माल असेल तर हा फरक फार वाढतो. ०.४५ मिलिमीटर जाडीच्या कॅनव्हास प्रिंटची लांबी १०१६ धरली, तर त्याचा जागेवरचा हक्क ५८१, म्हणजे दोन इंची ट्यूबमध्येही तो सहज जातो आणि मध्ये पंचेचाळीसेक मिलिमीटर उरतात. पण त्या वळणात ताण एक टक्क्यापर्यंत जातो, आणि वरच्या रंगाच्या थराला तो झेपेलच असं नाही. लॅमिनेशन केलेल्या पोस्टरचंही असंच. प्लास्टिकचा थर जाडी वाढवतो आणि कागदापासून सुटायची भीतीही आणतो. जागेचा हिशेब जाडी आणि लांबीच्या गुणाकाराचा आहे, नुकसानीचा जाडी आणि व्यासाच्या भागाकाराचा. पहिला पास झाला म्हणून दुसरा पास होतोच असं नाही.

माझा नेम असा: साध्या आर्ट पेपरला ४० मिलिमीटरच्या खाली पोकळी नको, लॅमिनेशन असेल तर ६० च्या खाली नको, आणि कॅनव्हासला तीन इंचांपेक्षा कमी वळण नको. हे प्रवासापुरतं. जुनी पोस्टरं वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवणारे अभिलेखपाल बहुधा चार इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाची नळी घेतात आणि कागद तिच्या आत न घालता बाहेरून गुंडाळतात. तिथे आतला व्यास ठरलेला असतो आणि बाहेरचा वाढत जातो. तेच सूत्र उलट बाजूने.

व्यासाबद्दल इतकी काळजी करणारे लोक लांबीत फसतात, आणि माझ्या मते खराब पोचणाऱ्या पोस्टरांमागे हे कारण व्यासापेक्षा जास्त वेळा असतं. ३० इंची पोस्टरला ३० इंची ट्यूब घेतली जाते. ट्यूब तेवढीच लांब असते हे खरं, पण प्लास्टिकची झाकणं बुचासारखी आत शिरतात. प्रत्येक बाजूला साधारण दोन सेंटीमीटर. म्हणजे आत उरली ७२ सेंटीमीटर जागा आणि सुरळी ७६ सेंटीमीटरची. झाकण जोर लावून बसवलं की सुरळीचा काठ चेपतो, आणि तो चेपलेला काठ चार वेढ्यांमधून जात असल्याने पोस्टर उघडल्यावर एकाच काठावर ठरावीक अंतराने चार सुरकुत्या दिसतात. या खुणेवरून झाकणाचं नुकसान ओळखता येतं. ७६२ मिलिमीटरच्या सुरळीला किमान ८१० मिलिमीटरची, म्हणजे ३२ इंचांची ट्यूब हवी. दोन्ही बाजूंना थोडा मऊ कागद चुरगळून घालायचा तर आणखी एखादा इंच.

४० इंचांची बाजू ट्यूबच्या लांबीत ठेवली तर व्यासाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही, पण ट्यूब एक मीटरच्या पुढे जाते. परदेशी टपालात गुंडाळी पत्रवर्गातून पाठवताना कोणतंही एक माप ९०० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि लांबी अधिक व्यासाची दुप्पट ही बेरीज १०४० च्या आत लागते. म्हणून नेहमी लांब बाजू गुंडाळावी. दुकानातलं "तीन इंची" हे मापही स्वतः तपासून घेतलेलं बरं. बरेचदा ते आतलं असतं, काही ठिकाणी बाहेरचं. पुठ्ठ्याची भिंत तीन मिलिमीटरची असेल तर बाहेरून दोन इंच म्हणजे आतून पंचेचाळीसच मिलिमीटर.

एका पोस्टरला जाडी त्रास देत नाही. वीस पोस्टरांना देते. समजा, एका चित्रपट मंडळाला 'संत तुकाराम'च्या पोस्टरच्या नव्या छपाईच्या वीस प्रती न्यू जर्सीतल्या मित्रांना पाठवायच्या आहेत. प्रत्येकी १८१ प्रमाणे वीसांचा हक्क ३६२०. तीन इंची ट्यूबच्या ५७७६ मधून तो वजा केला की उरतात २१५६, म्हणजे पोकळी ४६ मिलिमीटरची. कागदावर हिशेब जमला. पण या हिशेबात कागदाला कागद तंतोतंत चिकटलेला धरला आहे, आणि हाताने केलेल्या सुरळीत तसं कधीच होत नाही. वेढ्यांमध्ये हवा राहते.

ही हवा किती, हे पुस्तकातून मिळणार नाही. आपला कागद आणि आपले हात यांवर ते ठरतं. पण मोजता येतं. दहा पोस्टरांची सुरळी नेहमीसारखी करा, दोऱ्याने बांधा आणि बाहेरचा व आतला व्यास मोजा. समजा बाहेरून ७० आणि आतून ५० मिलिमीटर भरले. ४९०० वजा २५०० म्हणजे २४००. दहा पोस्टरांना १८१० पुरायला हवे होते, लागले २४००. म्हणजे हवेसकट प्रत्येक पोस्टरचा हक्क १८१ चा २४० झाला, एक तृतीयांशाने जास्त. इथून पुढे २४० हाच आकडा वापरायचा. वीस प्रतींना ४८००, ट्यूबमध्ये उरले ९७६, पोकळी ३१ मिलिमीटर. माझ्या चाळीसच्या नेमात हे बसत नाही.

खरा अडथळा मात्र त्याच्याही आधी येतो. सुरळी ट्यूबमध्ये ढकलताना तिचा व्यास ट्यूबपेक्षा कमी असावा लागतो. बरोबर ७६ मिलिमीटरची सुरळी ७६ मिलिमीटरच्या तोंडातून जात नाही. काठ अडकतो, बाहेरचं पोस्टर मागे सरकतं आणि आतलं पुढे जातं. चार मिलिमीटर तरी मोकळे हवेत, म्हणून ढकलताना बाहेरचा व्यास ७२ धरायचा. त्याचा वर्ग ५१८४. वीस प्रतींचे ४८०० गेले की उरतात ३८४, आणि पोकळी १९.६ मिलिमीटर! म्हणजे ट्यूबमध्ये शिरण्यापुरतं का होईना, सगळ्यात आतल्या पोस्टरला बोटभर जाडीच्या वळणातून जावं लागतं. नंतर सुरळी सैल होते, पण पडायचे तडे तेव्हाच पडून गेलेले असतात. सतरा प्रती घेतल्या तर ढकलताना पोकळी ३३ मिलिमीटर. बारा घेतल्या तर ४८. बारा हा आकडा मला पटतो. सतरा हातात कौशल्य असेल तर. वीस प्रतींसाठी चार इंची ट्यूब घ्यावी. तिथे आतला व्यास १०१ मिलिमीटर, ढकलण्याचा ९७, आणि पोकळी ६८ मिलिमीटर राहते.

बारा पोस्टरं एकत्र गुंडाळताना आणखी एक गोष्ट घडते, जी पहिल्यांदा पाहणाऱ्याला चूक वाटते. सुरुवातीला सगळे काठ जुळवलेले असतात. गुंडाळून झाल्यावर शेवटचे काठ पायऱ्यांसारखे मागेपुढे होतात. बाहेरच्या पोस्टरला प्रत्येक वेढ्यात जरा मोठा परीघ चालावा लागतो, म्हणून त्याची लांबी आधी संपते. आपल्या बारा प्रतींना साधारण साडेपाच वेढे बसतात आणि पहिल्या व शेवटच्या प्रतीच्या काठांमध्ये पाच ते सात सेंटीमीटरचं अंतर पडतं. हे अंतर पडू द्यायचं. काठ नीट दिसावेत म्हणून काही जण दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मग गुंडाळतात. तेव्हा कागदांना एकमेकांवरून घसरता येत नाही, आतल्या कागदाला जास्तीची लांबी जिरवायला जागा उरत नाही आणि तो लाटेसारखा फुगून मोडतो. पोस्टर उघडल्यावर आडव्या, सुरळीला समांतर अशा घड्या दिसल्या तर कारण बहुधा हेच असतं. चेपलेल्या काठाच्या सुरकुत्या काठापाशीच राहतात. या घड्या पोस्टरच्या मधोमधही येतात.

वजनही शेवटी आपलं म्हणणं मांडतं. १७० जीएसएमचं हे एक पोस्टर साधारण १३२ ग्रॅमचं. बारा म्हणजे १.६ किलो, त्यात तीन मिलिमीटर भिंतीच्या ट्यूबचे चारेकशे ग्रॅम. टपालाच्या पत्रवर्गात २ किलोची मर्यादा आहे, म्हणजे बाराच्या आसपास काटा तिथेच टेकतो, अकरा सुरक्षित. वीस प्रती पार्सलने किंवा कुरियरनेच जाणार. हवाई कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि खरं वजन व हे आकारवजन यांतलं जास्त असेल ते लावतात. चार इंची ट्यूब बाहेरून साधारण ११ सेंटीमीटर. ८२ गुणिले ११ गुणिले ११ भागिले ५००० म्हणजे जवळपास दोन किलो. वीस प्रतींचं खरं वजनच अडीच किलोच्या वर आहे, त्यामुळे मोठ्या ट्यूबचा भुर्दंड पडत नाही. पण एकच पोस्टर चार इंची ट्यूबमध्ये घातलं तर दीडशे ग्रॅमच्या कागदासाठी दोन किलोचे पैसे मोजावे लागतात. तिथे दोन इंची पुरते आणि आकारवजन अर्ध्या किलोच्या आसपास येतं. "मोठीच घ्या" हा सल्ला महाग पडतो तो इथे.

राहिलं पोस्टर बाहेर काढणं, ज्याचा विचार पाठवणारा सहसा करत नाही. सुरळी भिंतीला घट्ट टेकलेली असते. घेणारा बोट घालून आतला कोपरा ओढतो, आतले वेढे दुर्बिणीसारखे बाहेर येतात, बाहेरचे अडकून राहतात आणि कोपरा फाटतो. त्यासाठी सुरळीभोवती बटर पेपरचा एक वेढा द्यावा आणि त्यावर कागदाच्या दोन-तीन पट्ट्या चिकटवाव्यात, म्हणजे सुरळी पूर्ण उघडून भिंतीला दाबत नाही. रबरबँड नको, तो कागदात रुततो. पट्ट्या नसतील तर घेणाऱ्याने आत दोन बोटं घालून सुरळी गुंडाळीच्या दिशेने फिरवावी. फिरवली की ती आवळते, भिंतीपासून दोन-तीन मिलिमीटर सुटते आणि अख्खी बाहेर सरकते. उलट फिरवली तर आणखी घट्ट बसते, म्हणून दिशेचा बाण ट्यूबवर काढून ठेवलेला चांगला.